साडूंचे आठ लाख आणि कंपनीचा प्रकार

पत्र: मी ३६ वर्षांचा आहे. चाकणच्या एका कारखान्यात टूल रूममध्ये बारा वर्षं काढली. तीन वर्षांपूर्वी भोसरीत भाड्याचा गाळा घेतला आणि जिग-फिक्स्चरचं काम सुरू केलं. दोन कामगार आहेत, सगळं माझ्या एकट्याच्या नावावर आहे. आता मोठ्या गिऱ्हाइकाच्या परचेसवाल्यांनी सांगितलंय, 'कंपनी असेल तरच व्हेंडर कोड.' एक मित्र म्हणतो, वन पर्सन कंपनी काढ, कटकट कमी. दुसरा म्हणतो, बायकोला घेऊन प्रायव्हेट लिमिटेड कर. मेव्हण्याचं म्हणणं, थेट पब्लिक काढ, म्हणजे सोसायटीतल्या लोकांकडून थोडेथोडे पैसे उभे करता येतील. साडू आठ लाख द्यायला तयार आहेत, म्हणतात 'उसने समज, पुढचं पुढे बघू.' कुठली कंपनी काढू?
— एक वाचक, भोसरी

उत्तर: तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटून दुसरं आहे आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय. तुमच्यासाठी कंपनीचा प्रकार साडूंच्या आठ लाखांवरून ठरणार आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आज तुम्ही एकल मालक आहात. साडूंनी तुमच्या खात्यात आठ लाख टाकले तर ते दोन माणसांमधले उसने पैसे झाले, कायद्याला त्याचं काही नाही (फक्त रोख घेऊ नका, बँकेतूनच घ्या). पण कंपनी स्थापन झाली की ती वेगळी व्यक्ती होते, आणि या व्यक्तीने कोणाकडून उसने घ्यायचे यावर २०१३ च्या कंपनी कायद्याने कुंपण घातलेलं आहे. बाहेरच्या माणसाकडून कंपनीने घेतलेले उसने पैसे म्हणजे 'ठेव'. अशी ठेव छोट्या कंपनीला घेता येत नाही, मग ती वन पर्सन असो की प्रायव्हेट. नियम मोडला तर कंपनीला होणारा किमान दंडच रकमेच्या दुप्पट, म्हणजे तुमच्या बाबतीत १६ लाख होतो. संचालकांवर कारवाई होते ती वेगळी.

तुम्ही म्हणाल, साडू बाहेरचे कसे? लग्नपत्रिकेत नाव पहिल्या पानावर असलं तरी या कायद्यातली 'नातेवाईक' मंडळी मोजकीच आहेत: नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य. यादी इथे संपते. काका, मामा, आतेभाऊ त्यात नाहीत. साडू तर नाहीतच. फक्त तुम्हीच संचालक असाल तर खुद्द सासरेबुवाही तुमच्या कंपनीला उसने देऊ शकत नाहीत. माझ्याकडे येणारे निम्मे लोक या वाक्यावर खुर्चीत पुढे सरकून बसतात.

आता गंमत पाहा. ही नाती प्रत्येक संचालकाची वेगवेगळी मोजली जातात. तुमच्या पत्नी संचालक झाल्या की त्यांची बहीण, म्हणजे तुमची मेहुणी, 'संचालकाची नातेवाईक' ठरते आणि ती कंपनीला उसने देऊ शकते. तिचा नवरा मात्र देऊ शकत नाही. पैसे देताना तिने लेखी द्यावं लागतं की ही रक्कम मी कोणाकडून कर्ज किंवा ठेव म्हणून घेतलेली नाही. तेव्हा पैसे खरोखर तिचे असतील, तिची एफडी मोडलेली असेल, तरच हा रस्ता धरा. साडूंनी सकाळी तिच्या खात्यात 'उसने' म्हणून टाकायचे आणि दुपारी तिने कंपनीत पाठवायचे असं केलंत तर ते लेखी पत्र खोटं ठरेल. ऑडिटर बँकेचं स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचतो आणि 'असुरक्षित कर्ज' या सदरात नवं नाव दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारतो: हे कोण लागतात? शिवाय घेतलेल्या अशा पैशांचा तपशील दरवर्षी ३० जूनपर्यंत DPT-3 या फॉर्ममध्ये रजिस्ट्रारकडे भरावा लागतो.

आणखी एक सरळ रस्ता आहे. साडूंकडून पैसे तुम्ही स्वतः, व्यक्ती म्हणून उसने घ्या, वचनचिठ्ठी लिहून द्या, आणि ते आठ लाख कंपनीत कर्ज म्हणून नाही तर भांडवल म्हणून घाला, म्हणजे त्या पैशांचे शेअर घ्या. उसन्या पैशांतून शेअर घ्यायला मनाई नाही. कायद्याच्या दृष्टीने हे अगदी स्वच्छ. पण परतफेडीचा विचार आधी करा. भांडवल कंपनीतून सहजासहजी परत काढता येत नाही. साडूंचे पैसे तुम्हाला तुमच्या पगारातून किंवा लाभांशातून, कर भरून उरलेल्या रकमेतून फेडावे लागतील. आणि कंपनी बुडाली तरी ते देणं तुमच्या डोक्यावर राहील.

थोडक्यात, साडू खरंच फक्त उसने देत असतील तर वन पर्सन काय आणि प्रायव्हेट काय, दोन्हीत मार्ग सापडतो. अडचण 'पुढचं पुढे बघू' या तीन शब्दांत आहे. मला अनुभवाने वाटतं, याचा अर्थ 'धंदा चालला तर मला हिस्सा दे' असा आहे.

हिस्सा म्हटलं की वन पर्सन कंपनी तिथेच बाद होते. तिचा भागधारक एकच असू शकतो. एक टक्कासुद्धा दुसऱ्याला देता येत नाही. उद्या तुमच्या हाताखालच्या चांगल्या टूलमेकरला थांबवून ठेवण्यासाठी चार शेअर द्यावेसे वाटले, तरी देता येणार नाहीत.

बाकी वन पर्सन कंपनी वाईट नाही. एकट्याने सल्ला-सेवा देणारा, बाहेरचा पैसा न घेणारा कोणी असेल तर मी तीच सुचवतो. मालक एक, संचालकही एकच चालतो (जास्त नेमता येतात, म्हणजे पत्नीला शेअर न देता संचालक करता येतं). वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागत नाही. ठराव वहीत लिहून सही आणि तारीख टाकली की झालं. मालकाला काही झालं तर पुढे कोण, हे मात्र स्थापनेच्या वेळीच लिहून द्यावं लागतं, आणि त्या वारसाची लेखी संमती जोडावी लागते. एका माणसाला अशी एकच कंपनी काढता येते. पूर्वी उलाढाल दोन कोटींच्या किंवा भरणा भांडवल ५० लाखांच्या वर गेलं की ती बदलावीच लागे. १ एप्रिल २०२१ पासून ती सक्ती गेली. नेटवरचे जुने लेख वाचून लोक अजून त्या भीतीत असतात.

पण मित्राने सांगितलेली 'कटकट कमी' ही गोष्ट तपासून घ्या. ऑडिट वन पर्सन कंपनीलाही सक्तीचं आहे, उलाढाल दोन लाख असली तरी. वार्षिक ताळेबंद आणि विवरणपत्र दोन्ही भरावी लागतात आणि उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, त्याला वरची मर्यादा नाही. दोन फॉर्म २०० दिवस राहिले की ४० हजार गेले. प्राप्तिकरातही ती तुमच्यासारखी व्यक्ती नसते, कंपनीच्या दराने कर भरते. नवरा-बायकोच्या छोट्या प्रायव्हेट कंपनीशी तुलना केली तर खरा फरक उरतो तो एका सर्वसाधारण सभेचा. संचालक मंडळाच्या बैठका दोन संचालक असले की दोन्हीकडे सारख्याच, वर्षातून दोन. ती सभा तुमच्या भोसरीच्या गाळ्यात, तुम्ही आणि पत्नी अशा दोघांच्या हजेरीत होते. राष्ट्रीय सुट्टीचा दिवस नको आणि वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ मधली हवी, एवढंच. चहा होईपर्यंत सभा आटोपते.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर प्रायव्हेट लिमिटेड केली असती. किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात, भागधारक २०० पर्यंत चालतात. शेअर कोणाला विकायचे यावर कंपनीच्या नियमावलीत बंधन असतं, आणि लोकांना खुलं आवाहन करून पैसे गोळा करायला बंदी असते. किमान भांडवलाची एक लाखाची अट २०१५ मध्ये गेली, तरी बहुतेक लोक सवयीने एक लाखच ठेवतात.

आणि या एका लाखातच साडूंच्या बाबतीत मोठा खड्डा आहे.

समजा, तुम्ही एक लाख भांडवलाने कंपनी काढली. १० रुपयांचा एक असे १०,००० शेअर. ९,९०० तुमचे, १०० पत्नीचे. दोन महिन्यांनी साडू म्हणाले, 'माझे आठ लाख शेअरमध्येच घाल.' तुम्ही दहाच्या भावाने शेअर दिलेत तर आठ लाखांचे ८०,००० शेअर होतात. आता एकूण शेअर ९०,००० आणि त्यातले ८०,००० त्यांचे. तुमच्या तीन वर्षांच्या घामाच्या कंपनीत साडूंचा वाटा झाला ८९ टक्के. त्यांची इच्छाही नसेल, पण कागदावर कंपनी त्यांची. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. सिंहगड रस्त्यावरच्या एका तरुणाने फॉर्म भरणाऱ्याला 'मित्राचे पैसे शेअरमध्ये टाका' एवढंच सांगितलं होतं. घोटाळा लक्षात आला तो बँकेने कर्जासाठी भागधारकांची यादी मागितली तेव्हा. तोवर मित्राचं लग्न झालं होतं आणि सासऱ्यांनी ती यादी वाचली होती.

हे टाळायचं तर आधी धंद्याची किंमत ठरवा. तुमचं मशीन, हातातल्या ऑर्डरी, गिऱ्हाइकाशी असलेले संबंध हे सगळं रीतसर कराराने कंपनीत येऊ द्या. समजा, दोघांच्या मते त्याची किंमत ३२ लाख भरते. त्यात साडूंचे ८ लाख आले की कंपनी झाली ४० लाखांची आणि त्यांचा वाटा २० टक्के. तुमचे १०,००० शेअर ८० टक्के असतील तर २० टक्के म्हणजे २,५०० शेअर. आठ लाख भागिले २,५०० म्हणजे एक शेअर ३२० रुपयांना: १० रुपये दर्शनी किंमत आणि ३१० रुपये प्रीमियम. पैसे तेवढेच, वाटा ८९ ऐवजी २०. हा भाव मनाने लावता येत नाही, रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा अहवाल घ्यावा लागतो. पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्यायचे, ६० दिवसांत शेअर द्यायचे आणि वाटपाची माहिती रजिस्ट्रारला कळवायची. व्हॅल्युअरच्या फीसाठी जीव तुटतो खरा, पण इथे हात आखडू नका.

साडूंनी २० ऐवजी ३० टक्के मागितले तर? इथे २५ ही रेष लक्षात ठेवा. नियमावली बदलणं, कंपनीचं नाव बदलणं, नव्या माणसाला असे शेअर देणं यासाठी विशेष ठराव लागतो, आणि तो पास व्हायला झालेल्या मतांपैकी तीन-चतुर्थांश मतं बाजूने हवीत. म्हणजे २५ टक्क्यांहून जास्त ज्याच्या हातात, तो एकटा अशी प्रत्येक गोष्ट अडवू शकतो. २० वर साडू तुमचे सहकारी आहेत, २६ वर त्यांच्याकडे ब्रेक आहे. ब्रेक द्यायचाच असेल तर जाणूनबुजून द्या. निम्मे-निम्मे तर कधीच करू नका. तिथे साधा ठरावही अडकतो, आणि भांडण थेट दिवाळीच्या फराळापर्यंत पोचतं.

मेव्हण्यांच्या कल्पनेबद्दल थोडक्यात. पब्लिक कंपनी म्हणजे लोकांकडून पैसे गोळा करायचा परवाना नव्हे. किमान सात भागधारक आणि तीन संचालक लागतात, नावाच्या शेवटी फक्त 'लिमिटेड' असतं, शेअर मोकळेपणी हस्तांतरित होतात. आपल्याकडची भारत फोर्ज लिमिटेड घ्या, तिचे शेअर बाजारात मिळतात. पण पब्लिक असूनही बाजारात नोंद नसलेल्या कंपन्या भरपूर आहेत, त्यामुळे पब्लिक झाली म्हणजे शेअर बाजारात गेली असंही नाही. लोकांकडून भांडवल मागायचं तर माहितीपत्रकाची आणि मंजुऱ्यांची मोठी प्रक्रिया करावी लागते, तो दोन कामगारांच्या गाळ्याचा घास नाही. ती टाळून निवडक माणसांना शेअर देण्याची खासगी पद्धत आहे, पण ती प्रायव्हेट कंपनीलाही खुली आहे. तिच्यात वर्षाला २०० पर्यंत माणसांना, प्रत्येकाला नावानिशी पत्र देऊनच विचारता येतं, जाहिरात करता येत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आपल्या कंपनीत गुंतवा' असा मेसेज टाकला की तुम्ही ती हद्द ओलांडलीत. मेव्हण्यांना प्रेमाने नाही म्हणा. तुमच्या पत्नी संचालक झाल्या तर त्यांचे भाऊ म्हणून ते स्वतःच्या बचतीतून कंपनीला उसने देऊ शकतात. विचारून बघा, उत्साह किती टिकतो ते कळेल.

तुम्ही विचारलेलं नाही, पण एकट्याच्या धंद्यातून कंपनीत येणारे हमखास अडखळतात म्हणून सांगतो. आज गल्ल्यातून काढून मुलाची फी भरता, ते चालतं. कंपनीच्या खात्यातले पैसे तुमचे नाहीत, शंभर टक्के शेअर तुमचे असले तरी. ते तुमच्याकडे पगार, भाडं, व्याज किंवा लाभांश म्हणून, नोंदीनिशी आले पाहिजेत. 'नंतर हिशोब करू' म्हणून उचललेली रक्कम प्राप्तिकर खातं लाभांश मानून तुमच्या हातात कर लावू शकतं. आणि मर्यादित जबाबदारीचं कौतुकही बेतानेच करा. मशीनसाठी कर्ज घ्यायला गेलात की बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेतेच, आणि त्या सहीपुरती मर्यादा संपते.

क्रम असा ठेवा. आधी परचेसवाल्यांना ईमेल करून विचारा: वन पर्सन कंपनी चालेल की प्रायव्हेटच हवी? नाव नुसतं '(ओपीसी) प्रायव्हेट लिमिटेड' असलं तरी काही ठिकाणी फॉर्ममध्ये तो पर्याय नसतो आणि फाइल महिनाभर पडून राहते. पुढे ओपीसीची प्रायव्हेट केलीत तर जीएसटी, बँक, पीओ, व्हेंडर कोड सगळीकडे नवं नाव चढवावं लागेल, तेव्हा हे उत्तर लेखी हवं. मग साडूंसमोर बसून एकच विचारा: 'तीन वर्षांनी हे आठ लाख तुम्हाला परत हवेत, की हिस्सा?' परत हवे म्हणाले तर मेहुणीच्या स्वतःच्या पैशांचा किंवा तुमच्या वैयक्तिक उसनवारीचा रस्ता. हिस्सा म्हणाले तर ३२० रुपयांचा भाव कागदावर मांडून दाखवा.

त्यानंतर नोंदणी. दोघांच्या डिजिटल सह्या काढून SPICe+ फॉर्म भरायचा. अधिकृत भांडवल १५ लाखांपर्यंत ठेवलंत तर केंद्राची नोंदणी फी शून्य आहे, राज्याची स्टॅम्प ड्यूटी तेवढी लागते. पॅन आणि टॅन त्याच फॉर्ममधून मिळतात. भोसरीचा गाळा भाड्याचा आहे, म्हणून मालकाचं संमतीपत्र आणि ताजं वीजबिल आधीच घेऊन ठेवा. पुण्याचं रजिस्ट्रार कार्यालय आकुर्डीला, तुमच्या गाळ्यापासून जवळच आहे, पण नोंदणीसाठी तिथे खेटे घालायची गरज पडत नाही, सगळं ऑनलाइन होतं.

कंपनी झाली की ३० दिवसांत पहिला ऑडिटर नेमा. तुमचे ९९,००० आणि पत्नीचे १,००० रुपये आपापल्या खात्यातूनच कंपनीच्या खात्यात जाऊ द्या, पत्नीचे हजार तुमच्या गूगल पेवरून नकोत. ते जमा झाल्याचा पुरावा जोडून १८० दिवसांच्या आत INC-20A भरा. त्याआधी कंपनीच्या नावाने धंदा सुरू करता येत नाही आणि कर्जही घेता येत नाही, मेहुणीचंसुद्धा. मुदत चुकली तर कंपनीला दंड आहे, तुमच्यासारख्या छोट्या कंपनीला २५ हजारांपर्यंत. तोवर जुनी ऑर्डर जुन्याच नावावर पुरी करा आणि नव्या नावाचा पहिला पीओ INC-20A भरल्यानंतरच्या तारखेचा मागा.